चार हजारांत मनगटावर काय येतं?

दीड-दोन हजारांना मिळतं ते स्मार्टवॉच नसतं. खोक्यावर तसं छापलेलं असतं, दुकानदारही तसंच म्हणतो, आणि चौकोनी काच, बाजूला फिरणारी कळ असं रूप पाहून आपलाही विश्वास बसतो. आतली वस्तू मात्र फिटनेस बँडच असते. पावलं मोजणारा तोच सेन्सर, नाडी बघणारा तोच हिरवा दिवा, फोनवरचे संदेश दाखवण्याची तीच सोय. फरक एवढाच की पडदा मोठा केलेला असतो आणि आत एक छोटा स्पीकर आणि माइक बसवलेला असतो. पहिल्यांदाच घेणारा माणूस ‘बँड घेऊ की स्मार्टवॉच?’ असं विचारत दुकानात शिरतो, तेव्हा त्याच्या खिशातल्या पैशांत दुसरा पर्याय बहुतेक वेळा उपलब्धच नसतो.

बाजारात खरं तर तीन प्रकारचा माल आहे. पहिला, अरुंद पट्ट्यासारखा बँड. शाओमीनं २०१४ साली चीनमध्ये ७९ युआनला आपला पहिला मी बँड आणला, तेव्हा त्याला पडदाही नव्हता, फक्त तीन बारीक दिवे होते. आता त्याच जातीच्या बँडला लांबट रंगीत पडदा असतो. सॅमसंगचा गॅलेक्सी फिट ३ हा भारतात फेब्रुवारी २०२४मध्ये ४,९९९ रुपयांना आला, तोही याच वर्गातला. दुसरा प्रकार म्हणजे मघाशी सांगितलेलं ‘कॉलिंगवालं’ घड्याळ. नॉइज, बोट, फायर-बोल्ट या आपल्याकडच्या नावांनी हजार ते तीन हजारांत हा माल गावोगावी पोचवला. तिसरा प्रकार खऱ्या स्मार्टवॉचचा. ॲपलचं घड्याळ, सॅमसंगचं गॅलेक्सी वॉच आणि गुगलच्या वेअर ओएस प्रणालीवर चालणारी इतर घड्याळं त्यात येतात.

दुसरा आणि तिसरा प्रकार ओळखायचा कसा? घड्याळाच्या आत ॲपचं दुकान आहे का, ते बघायचं. खरं स्मार्टवॉच हा मनगटावरचा छोटा संगणक असतो. त्यात नकाशाचं, गाण्यांचं, धावण्याच्या नोंदीचं ॲप वेगळं उतरवून घेता येतं, आणि पुढच्या वर्षी नवी सोय आली तर तीही टाकता येते. कॉलिंगवाल्या घड्याळात कारखान्यातून जे भरून आलं तेवढंच राहतं. ‘शंभरहून जास्त खेळांचे प्रकार’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण त्यातल्या बहुतेकांत आत मोजलं जातं ते एकच: किती वेळ, नाडी किती आणि हात किती हलला. क्रिकेट निवडा नाहीतर योगासनं, नाव बदलतं, गणित फारसं बदलत नाही.

खऱ्या स्मार्टवॉचला मात्र दोन अटी असतात. एक म्हणजे रोजचं किंवा एक दिवसाआडचं चार्जिंग. ॲपल आपल्या साध्या मॉडेलांसाठी वर्षानुवर्षं १८ तासांचाच आकडा सांगत होती. दुसरी अट फोनची. ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही, आणि सॅमसंगची वॉच ४पासूनची घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत. गॅलेक्सी फिट ३ बँडही फक्त अँड्रॉइड फोनबरोबर चालतो. सेलमध्ये एखादं तीन-चार वर्षं जुनं मॉडेल मोहात पाडणाऱ्या किमतीला येतं, पण त्याला कंपनीकडून अपडेट मिळण्याची मुदत संपत आलेली असते आणि फिरवून विकलेलं असेल तर आतली बॅटरीही थकलेली असते. चार हजारांच्या हिशेबात हा तिसरा प्रकार मी बाजूला ठेवतो.

उरतो तो पट्टा आणि कॉलिंगवालं घड्याळ यांच्यातला सामना. तो नीट कळावा म्हणून माझ्या मावसबहिणीचं उदाहरण घेतो. ताई ४६ वर्षांची, कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिक्षिका. साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालायला सांगितलेलं. फोन साधा, दहा हजारांच्या आतला अँड्रॉइड. दुकानात तिच्यासमोर दोन वस्तू ठेवल्या होत्या: एक अठराशेचं मोठ्या काचेचं कॉलिंगवालं घड्याळ आणि एक साडेतीन हजारांचा बोटभर रुंदीचा बँड. तिनं तिथूनच फोन केला. “अरे, एवढुसा पट्टा दुप्पट महाग? आणि घड्याळावर तर बोलताही येतंय म्हणतात!”

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर तिच्या गरजेतून काढावं लागतं, आणि तिची पहिली गरज चालण्याची होती.

‘झपझप’ म्हणजे किती, हे ठरवण्याचा एक सोपा मार्ग नाडीतून जातो. २२० वजा वय हा ढोबळ कमाल ठोक्यांचा आकडा, ताईसाठी १७४. मध्यम श्रमाचा व्यायाम म्हणजे साधारण त्याच्या ६४ ते ७६ टक्के. म्हणजे चालताना तिची नाडी मिनिटाला ११० ते १३०च्या घरात असायला हवी. त्याखाली राहिली तर ते चालणं नव्हे, रमतगमत फिरणं. (रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा हिशेब लागू नाही, त्या गोळ्या नाडीच कमी ठेवतात. त्यांनी आकडा डॉक्टरांकडून घ्यावा.) म्हणजे ताईला हवं होतं ते असं यंत्र, जे चालताना नाडी बरी मोजतं. पडदा केवढा आहे, हे त्या कामात दुय्यम.

आता हा हिरवा दिवा काय करतो ते बघू. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत क्षणभर रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश किंचित घटतो. घटीची ही लय मोजली की नाडी मिळते. बसलेल्या माणसावर हे काम सोपं आहे, पंधराशेचं घड्याळही ते बऱ्यापैकी करतं. अडचण चालताना येते. हात हलला की पट्टाही कातडीवर हलतो, बाहेरचा उजेड फटीतून आत शिरतो आणि प्रकाशाच्या चढउतारात हाताच्या झोक्याची लय मिसळते. दोन लयींतून ठोक्याची लय वेगळी काढणं हे आतल्या सॉफ्टवेअरचं कसब. स्वस्त आणि बऱ्या यंत्रातला खरा फरक इथे पडतो, आणि तो खोक्यावर कुठेच छापलेला नसतो.

मग तो ओळखायचा कसा? चूक पकडण्याची एक खूण आहे. झपझप चालणारा माणूस मिनिटाला ११० ते १२० पावलं टाकतो, आणि दुर्दैवानं ही संख्या अपेक्षित नाडीच्याच घरातली आहे. गोंधळलेलं यंत्र पावलांनाच ठोके समजतं. पडद्यावर ११६ दिसतं, आपण खूश होतो, प्रत्यक्षात नाडी ९५ असते. म्हणून पाचेक मिनिटं चालल्यावर मिनिटाची पावलं मोजायची आणि पडद्यावरच्या नाडीशी ताडून बघायची. दोन्ही आकडे चिकटून चालत असतील, वेग वाढवताच नाडीही नेमकी तेवढीच उडी मारत असेल, तर संशय घ्यायचा. त्याच क्षणी थांबून अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवायची, १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चारनं गुणायचे. यंत्र आणि बोटं यांच्यात पाच-सात ठोक्यांचा फरक चालेल. वीसचा चालणार नाही. फरक मोठा आला तर आधी पट्टा तपासावा: मनगटाच्या हाडावर नको, हाडापासून बोटभर वर, आणि चालण्यापुरता एक भोक घट्ट. जड, मोठं घड्याळ बारीक मनगटावर जास्त हलतं, त्यामुळे ताईसारख्या मनगटावर हलका बँड या एका बाबतीत मुळातच पुढे असतो. गोंदलेल्या कातडीवर मात्र दोन्हींचे आकडे बिघडू शकतात, कारण शाईच प्रकाश गिळते.

पावलांचं तसं फारसं अवघड नाही. तीन दिशांचा हलणं ओळखणारा सेन्सर दोन्हींत असतो. पोळ्या लाटताना, कपडे घासताना काही फुकटची पावलं जमा होतात; उलट दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मंडईतून आलात तर थोडी बुडतात. महिनाभराच्या सरासरीत हे फिटतं.

अंतराची गोष्ट वेगळी आहे. स्वतःचा जीपीएस चार हजारांच्या आत क्वचितच मिळतो. खोक्यावर ‘जीपीएस’ लिहिलेलं असलं तरी बहुतेकदा तो फोनचा उधार घेतलेला असतो, म्हणजे चालताना फोन खिशात हवाच. फोन घरी ठेवला की यंत्र पावलांना ठरावीक लांबीनं गुणून अंतर काढतं, आणि ती लांबी आपण भरलेल्या उंचीवरून ठरते. ताईची उंची १५५ सेंटिमीटर; तिच्या पावलाची लांबी ढोबळ हिशेबानं ६४ सेंटिमीटर येते. मैदानावरच्या ४०० मीटरच्या मार्गावर पाच फेऱ्या मारल्या की दोन किलोमीटर, म्हणजे तिची सुमारे ३,१२५ पावलं. पण ॲपमध्ये आधीपासून भरलेली १७० सेंटिमीटर उंची तशीच राहिली, तर यंत्र पाऊल ७० सेंटिमीटरचं धरतं आणि तेवढ्याच पावलांचं अंतर जवळजवळ २.२ किलोमीटर दाखवतं. न चाललेले दोनशे मीटर रोज खात्यावर जमा. उंची, वजन, वय, आणि यंत्र कोणत्या हातात घालणार हे पहिल्याच दिवशी नीट भरलं की यातली बरीच चूक निघून जाते.

कॅलरीच्या आकड्याकडे मात्र लक्षच देऊ नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७मध्ये मनगटावरच्या सात यंत्रांची तपासणी प्रसिद्ध केली. सातपैकी सहांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती, पण जळालेल्या कॅलरींत सर्वांत चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली. आणि ती यंत्रं आपल्या चार हजारांतली नव्हती. आज ३०० कॅलरी जाळल्या म्हणून एक लाडू जास्त, हा हिशेब कुणी मांडू नये.

आता थोडं कडू बोलतो. पंधराशे-अठराशेच्या कित्येक घड्याळांवर रक्तदाब दाखवतात, काहींवर तर रक्तातली साखरही. साखर काठावर असलेल्या ताईला दुकानदारानं नेमकं हेच पुढे केलं होतं. सुई न टोचता, फक्त मनगटावरून रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४मध्ये दिला. म्हणजे जगातल्या बड्या कंपन्यांना जे साधलेलं नाही, ते अठराशेच्या घड्याळात आहे असा दावा. रक्तदाबाचंही तसंच. सॅमसंगच्या महागड्या घड्याळांतली रक्तदाबाची सोय वापरायची तर दंडाला पट्टा बांधणाऱ्या खऱ्या यंत्रावर आधी मोजून ते आकडे घड्याळाला द्यावे लागतात, आणि दर २८ दिवसांनी हे पुन्हा करावं लागतं. ज्या घड्याळाला कसलाच आधार न देता ते अर्ध्या मिनिटात १२० बाय ८० सांगतं, ते अंदाज ठोकतं आहे.

खात्री हवी असेल तर दुकानातच करता येते. हातरुमालाची घट्ट गुंडाळी करा, तिच्यावर घड्याळ बांधा आणि रक्तदाब मोजायला सांगा. गुंडाळीवर चांगली यंत्रंसुद्धा कधीकधी नाडीचा आकडा दाखवून बसतात, कारण कापडावरून परतणाऱ्या प्रकाशात त्यांना लय सापडल्याचा भास होतो. तेवढ्यावरून त्यांना नापास करू नका. पण रुमालाचा रक्तदाब ११८ बाय ७६ आला, तर तो आकडा शरीरातून आलेला नाही एवढं उघड आहे. कोविडच्या काळात लोकप्रिय झालेल्या ऑक्सिजनच्या आकड्यालाही मर्यादा आहेत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्रकाश बोटातून आरपार पाठवतो, मनगटावरचं यंत्र परतलेल्या प्रकाशावर भागवतं. हात थंड असला किंवा हलला की आकडा भरकटतो. अशा आकड्यांनी घाबरण्यापेक्षा मोठा धोका आहे तो निर्धास्त होण्याचा. घड्याळ ठीक सांगतंय म्हणून गोळी चुकवणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. चाचणीची पट्टी आणि दंडाला बांधायचं यंत्र यांचं काम मनगटावर ढकलू नये.

मग घड्याळावरचं बोलणं? ताईला सर्वांत जास्त भुरळ त्याचीच होती, म्हणून ते काय असतं ते सांगायला हवं. या घड्याळात सिमकार्ड नसतं. ते फोनला ब्लूटूथनं जोडलेलं असतं, गाडीतल्या हँड्सफ्रीसारखं. फोन दहाएक मीटरच्या आत असला तरच बोलता येतं. फोन घरी ठेवून मैदानावर गेलात तर ते मुकं. स्पीकर उघडा असल्यानं समोरच्याचं बोलणं एसटीतल्या शेजाऱ्यालाही ऐकू जातं, आणि वर्दळीच्या रस्त्यावर आपल्याला मात्र नाही. सुरुवातीला आणखी एक वैताग होतो. फोन कानाला लावून उचलला तरी आवाज कधीकधी मनगटातून येतो, कारण फोननं घड्याळाला हेडफोन समजून आवाज तिकडे वळवलेला असतो. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये घड्याळाच्या नावासमोरचं कॉलचं बटण बंद केलं की हे थांबतं. पण मग ज्यासाठी घड्याळ घेतलं तीच सोय बंद होते.

हे वाचून कॉलिंगवालं घड्याळ निरुपयोगी ठरवू नका. ज्याचे हात कामात गुंतलेले असतात आणि फोन जवळच पडलेला असतो, त्याला ते फार सोयीचं आहे. गॅरेजमध्ये हात ग्रीसनं माखलेला मेकॅनिक, पिठात हात घातलेली खानावळवाली, फोन दूर चार्जिंगला लावून कापड मोजणारा दुकानदार, यांचं ‘हो, आलो’ एवढ्यावर भागतं. ताई दिवसातले सहा तास वर्गात असते, तिथे फोन पिशवीत आणि मुका. तिला कॉल घ्यायचा नव्हता, कुणाचा आला एवढं कळायला हवं होतं. त्यासाठी मनगटावर थरथर पुरते, आणि ती दोन्हीकडे आहे.

इथे आपल्या वाचकांसाठी एक खास तपासणी सांगतो, जी इंग्रजी परीक्षणांत सापडणार नाही. ताईचे नव्वद टक्के संदेश मराठीत येतात. स्वस्त यंत्रांत देवनागरी अक्षरं भरलेली नसतात, मग संदेशाच्या जागी चौकोनांची रांग दिसते. काही यंत्रांत अक्षरं असतात पण जुळवणी नसते: वेलांटी भलत्या जागी जाते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. म्हणून दुकानात उभं असतानाच घरच्या कुणाला तरी व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवायला सांगा, ‘विद्यार्थ्यांची स्पर्धा पुढच्या शुक्रवारी’ अशी, जोडाक्षरं आणि रफार असलेली. पडद्यावर ती नीट वाचता आली तर उत्तम. ‘हिंदी चालतं’ या आश्वासनावर समाधान मानू नका. मेनू हिंदीत असणं आणि आलेला संदेश देवनागरीत नीट उमटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ताईनं हे केलं. अठराशेच्या घड्याळावर चौकोन आले, बँडवर ओळ शाबूत आली. दुसऱ्या कुठल्या जोडीत हे उलटंही होऊ शकतं, म्हणूनच प्रत्यक्ष बघायचं.

घरी आल्यावर नव्या माणसाची सर्वांत मोठी तक्रार असते ती ‘दोन दिवस चाललं आणि संदेश यायचे बंद झाले’ ही. दोष बहुधा यंत्राचा नसतो, फोनचा असतो. आपल्याकडच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲपं आपोआप झोपवली जातात, आणि बँडचं ॲप झोपलं की मनगटापर्यंत काहीच पोचत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन बॅटरीचं बंधन काढायचं, आपोआप सुरू होण्याची परवानगी द्यायची आणि नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी चालू आहे ना ते बघायचं. शंभरातली बरीचशी ‘बिघडलेली’ घड्याळं एवढ्यानं दुरुस्त होतात.

परवानगीवरून आठवलं. हे ॲप आपले संदेश, संपर्क, ठिकाण, झोपेच्या वेळा असं बरंच काही मागतं. नावाजलेल्या कंपनीचं ॲप निदान कुणाचं आहे हे ठाऊक असतं. रस्त्यावरच्या बिननावाच्या घड्याळाच्या खोक्यात एक क्यूआर कोड असतो आणि तो भलत्याच संकेतस्थळावरून ॲप उतरवायला सांगतो. प्ले स्टोअरवर नसलेलं ॲप मागणारं घड्याळ घेऊ नये, मग ते चारशे रुपयांना का मिळेना. कॉल घ्यायचे नसतील तर संपर्कांची परवानगी नाकारूनही बँड पावलं आणि नाडी मोजतच राहतो. फक्त काही वेळा नावाऐवजी नंबर दिसतो.

बॅटरीच्या आकड्यांत दोघांचीही थोडी थाप असते, पण सारखी नाही. कंपनीचा आकडा कमी वापरावरचा असतो. १४ दिवस लिहिलेला बँड, नाडी सतत मोजायला लावली आणि झोपेची नोंद चालू ठेवली, तर आठ-नऊ दिवस देतो. सात दिवस लिहिलेलं कॉलिंगवालं घड्याळ, बोलणं खरंच चालू ठेवलं तर दोन-तीन दिवसांवर येतं. पडदा सतत उजळ ठेवायची सोय दोन्हींत ही मुदत जवळजवळ निम्म्यावर आणते. ताईला झोपेचीही नोंद हवी होती. रोज रात्री चार्जिंगला लावावं लागणारं यंत्र झोप काय मोजणार? (गाढ झोप किती, स्वप्नाची किती, हे तुकडे दोन्ही यंत्रं अंदाजानंच पाडतात. कधी झोपलो आणि कधी उठलो एवढंच विश्वासानं घ्यावं.)

पाण्याबद्दल थोडक्यात. खोक्यावर ‘५ एटीएम’ असेल तर पोहायला चालतं. फक्त ‘आयपी ६८’ असेल तर पाऊस, घाम, भांडी इथपर्यंत ठीक, तलावात उतरू नये. गरम पाणी आणि साबण दोघांनाही वर्ज्य, कारण रबरी सांधे त्यानं सैल होतात. आंघोळीला काढून ठेवावं, पट्टा पुसावा आणि मनगट कोरडं होऊ द्यावं. त्याखाली साचलेल्या घामा-साबणानं उठणारं पुरळ हे यंत्र कपाटात जाण्याचं मोठं कारण आहे.

ताईनं बँड घेतला. तिच्या घरात मात्र तिच्याच मुलानं पुढच्या महिन्यात कॉलिंगवालं घड्याळ आणलं, आणि माझ्या मते त्याचंही बरोबर आहे. तो वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, फोन गल्ल्यावर पडलेला असतो आणि तो शिडीवर. नाडीशी त्याला देणंघेणं नाही. त्यानं तेराशे रुपये घातले, आणि बँडवर साडेतीन हजार घालणं हाच त्याच्यासाठी अपव्यय झाला असता. त्यानं एक गोष्ट शहाणपणानं केली: खोक्यावर छापलेली सहा-सात हजारांची किंमत बघून ‘ऐंशी टक्के सूट’ मिळाल्याच्या आनंदात दुसरं एक घड्याळ बहिणीसाठी घ्यायचं टाळलं. या मालावरच्या छापील किमतीला अर्थ नसतो. तेराशेला सतत विकली जाणारी वस्तू तेराशेचीच.

घेताना बिल तारखेसह घ्यावं, कारण वर्षभराची वॉरंटी त्यावरच मिळते, आणि यंत्र बदलून देण्याची मुदत किती दिवसांची ते दुकानातच विचारावं. मैदानावरच्या पाच फेऱ्या, बोटानं मोजलेली नाडी, फोन झोपल्यावर संदेश येतात की नाही, हे सगळं त्या मुदतीच्या आत उरकावं. चार्जरही नीट बघून ठेवावा. दोन टोकांचा तो छोटा चुंबकी तुकडा त्या मॉडेलपुरताच असतो, शेजाऱ्याचा चालत नाही आणि हरवला तर गावात मिळेलच असं नाही. पट्टा तुटण्याचाही आधीच विचार करावा: मोठ्या घड्याळांना बहुधा २० किंवा २२ मिलिमीटरचा सर्वसाधारण पट्टा बसतो आणि तो कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, बँडला मात्र बहुतेकदा त्याच मॉडेलचा लागतो. ताईनं बँडबरोबरच जादाचा पट्टा मागवून ठेवला, दीडशे रुपयांना.